एकाच ‘का’चे दोन प्रश्न

प्रश्न: ‘तू येणार का?’ आणि ‘तू का येणार?’ यांत शब्द तेच असूनही अर्थ वेगळा का होतो?

उत्तर: येथे अर्थ ‘का’च्या जागेवरून ठरतो. क्रियापदानंतर येणारा आघातहीन ‘का’ होय-नाही प्रश्नाची खूण असतो, तर क्रियापदाआधीचा आघातयुक्त ‘का’ कारण विचारतो. मात्र ‘तू आला नाहीस, का?’ असे थांबून, ‘का’वर जोर देऊन म्हटले, तर शेवटचा ‘का’ही कारणच विचारतो, म्हणून लिहिताना तो स्वल्पविराम महत्त्वाचा आहे. शंका आल्यास ‘का’च्या जागी ‘कशासाठी’ किंवा ‘कशामुळे’ घालून पाहावे. अर्थ न बदलता वाक्य जुळले, तर तो ‘का’ कारणवाचक होय.

आघातहीन अंत्य ‘का’ प्रश्नार्थक शब्दाचाही अर्थ बदलतो, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: ‘कोण आलं होतं?’ याला नाव सांगावे लागते, पण ‘कोणी आलं होतं का?’ याला ‘हो’ पुरते. ‘तू कुठे जातोस?’ आणि ‘तू कुठे जातोस का?’ यांत तर ‘कुठे’चे रूपही तेच राहते.

हिंदीत होय-नाही प्रश्नाच्या खुणेचे काम बहुधा वाक्यारंभीचा ‘क्या’ करतो, जपानीत वाक्यान्ती ‘का’च येतो (हे साम्य योगायोगाचे आहे), तर इंग्रजी साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी नेते. मराठीत ‘का’ गाळून केवळ चढत्या सुराने ‘येणार?’ असेही विचारता येते.