विषयओळ चालली, कॅम्पेन पडलं

प्रश्न: मार्केटिंगमधल्या इंटर्नची धाडसी कल्पना सपशेल फसली आणि त्यातून टीम काही शिकली, असा अनुभव कुणाकडे आहे का?

आमच्या ऑनलाइन दुकानाच्या ईमेलचं काम माझ्याकडे होतं. जुने ग्राहक मेल उघडेनासे झाले होते. तेव्हा इंटर्न म्हणून आलेल्या मुलीने सुचवलं की विषयओळीत एवढंच लिहूया, ‘तुमची ऑर्डर रद्द झाली आहे’. आत मजकूर असा, की ऑर्डर नाही, डिलिव्हरीची फी रद्द झाली आहे. मीटिंगमध्ये सगळे हसले, मॅनेजरनी लगेच होकार दिला आणि मेल थेट पूर्ण यादीला गेला.

ओपन रेट दुपटीवर गेला. (या आकड्यावर फार विसंबू नये. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून एक प्रायव्हसी सेटिंग आहे. ते चालू असलं की चित्रं आधीच उतरवली जातात आणि न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो.) पण दुपारपर्यंत ग्राहकसेवेचे फोन थांबेनात. ज्यांची ऑर्डर खरोखरच वाटेत होती, ते हादरले होते. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांनी चिडून ‘स्पॅम’ दाबलं.

खरं नुकसान त्यानंतर झालं. जीमेलच्या ४०,००० पत्त्यांपैकी साधारण २०० जणांनी तक्रार केली, म्हणजे ०.५ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गूगल सांगतं की हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ पर्यंत कधीच जाऊ देऊ नका. आमची बिलं आणि पासवर्ड बदलायचे मेलही त्याच डोमेनवरून जायचे. पुढच्या काही दिवसांत तेही लोकांच्या स्पॅममध्ये पडू लागले. ‘पैसे कापले गेले, पण पावती आली नाही’ असे फोन सुरू झाले, तेव्हा आम्ही डोमेनवरच्या स्पॅम तक्रारी दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स उघडून पाहिलं आणि उलगडा झाला.

ती मुलगी रडवेली झाली होती. मॅनेजर तिला सर्वांसमोर म्हणाले, “कल्पना तुझी होती, पण सगळ्या यादीला पाठवायचा निर्णय माझा होता.” मला ते फार योग्य वाटलं. आधी २,००० जणांना पाठवून दोन दिवस थांबलो असतो, तर दहाएक तक्रारी आणि घाबरलेले फोन तिथेच दिसले असते. आता आम्ही तसंच करतो, आणि ओपन रेटऐवजी तक्रारी व सदस्यत्व सोडणारे मोजतो. बिलांसाठी वेगळं सबडोमेन घेतलं. डोमेनची पत सावरायला मात्र काही आठवडे लागले. तोवर नुकतीच खरेदी केलेल्यांनाच मेल जायचे आणि संख्या हळूहळू वाढवली.

पुढची सूचना त्याच मुलीची होती, की प्रत्येक विषयओळ पाठवण्याआधी ग्राहकसेवेतल्या एकाला वाचायला द्यावी. तो एकच गोष्ट सांगतो: ही ओळ वाचून कोण फोन करेल आणि काय विचारेल.