नमस्कार आणि सही

“बाबा, आत्या अण्णा आजोबांच्या पाया पडली आणि लगेच म्हणाली, मी सही करणार नाही. मग पाया पडणं हे नाटकच ना?”

चिऊ,

नाटक हा शब्द लागला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तू व्हिडिओ कॉलवर पाहिलंस ते निम्मंच होतं. अण्णांच्या समोर चौरंगावर ठेवलेला कागद तुला दिसला नसेल. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता.

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या नावावर वाळव्यातली चार एकर उसाची जमीन होती. त्यांचे भाऊ अण्णा, त्यांच्याशी वाटप फार पूर्वीच झालेलं, फक्त चूल एक राहिली. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. म्हणून आजी, काका, मी आणि आत्या असे चौघे वारस, प्रत्येकाला पाव हिस्सा, म्हणजे एक एकर. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही. वडिलोपार्जित जमिनीतही २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी आहे.

गावाकडे दोन कागदांची नेहमी गल्लत होते, किंवा केली जाते. पहिला वारस नोंदीचा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. तो फेरफार घालतो, सगळ्यांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि चौघांची नावं सातबाऱ्यावर चढतात. इथे कुणी काही सोडत नाही. बघायचं एवढंच, की यादीत मुलींची नावं आहेत ना. वगळलेली असली तर ते कळायची जागा म्हणजे ही नोटीस, आणि ती बहुतेक वेळा माहेरच्याच पत्त्यावर जाते.

दुसरा कागद हक्कसोडपत्राचा. त्याला दुय्यम निबंधकापुढे जावं लागतं. दोन साक्षीदार, फोटो, अंगठा, नोंदणी. ते झालं की पुढच्या फेरफाराने तिचं नाव कमी होतं. नंतर “मला कळलं नव्हतं” म्हणून ते परत येत नाही. दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, तेही सख्ख्या भावाविरुद्ध. “वारसाचेच कागद आहेत, कर सही” असं सांगून दोन्ही एकाच दिवशी उरकतात, तिथे बायका फसतात.

त्या मसुद्यात एक ठरलेलं वाक्य असतं: “हे हक्कसोडपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.” आत्याने ते वाक्य वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. अण्णांचा शब्द मोडवत नाही म्हणून सही केली असती, तर खोटं तिथे झालं असतं, सरकारी कागदावर, अंगठ्यानिशी. पाया ती लहानपणापासून पडते. आम्ही दसऱ्याला सोनं द्यायचो तेव्हा आधी अण्णा, मग बाकीचे, अशी रांग असायची, आणि रांग चुकली की आजी मागून चिमटा काढायची. त्या नमस्कारात “तुम्ही सांगाल ते खरं” असंही होतं का? आमच्या घरात थोडं होतं, हे कबूल करायला हवं. आत्याने त्यातला तेवढाच भाग काढून टाकला.

अण्णांचंही अगदीच चूक नाही. सातबाऱ्यावर नावं वाढली की सोसायटीचं पीककर्ज काढताना काकाला प्रत्येकाची संमती गोळा करत फिरावं लागतं, आणि लागणीच्या वेळी एक सही अडली तर सगळंच अडतं. म्हणून आत्याने नाही म्हणताना पुढचंही सांगितलं: नाव राहू दे, जमीन काकाच कसेल, कर्जाच्या संमतीपत्रावर दरवर्षी येऊन सही करीन, विकायची वेळ आली तर मात्र मला विचारा. अण्णांना यात उर्मटपणा दिसला. “बहिणीने जमीन मागितली की माहेर तुटतं” असं आमच्याकडे म्हणतात, आणि पुष्कळ घरांत ते खरंही ठरलं आहे. भाऊबीजेची साडी बंद होते, लग्नकार्याचा निरोप उशिरा पोचतो. ती भीती आत्यालाही होती. तिचा आवाज कापत होता, ते तू ऐकलंस ना?

मला टोचतं ते वेगळंच. आत्या कऱ्हाडला असते, तासाभराच्या आत गावात पोचते. मी सातासमुद्रापार. तरी हक्क सोड म्हणून माझ्याकडे कुणी मागितलं नाही. कॉलवर अण्णांना एवढं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, आणि तो मान होता की सोय, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तू सुट्टीत आलीस की अण्णांच्या पाया पडायचं की नाही, ते तू ठरव. मी मागून चिमटा काढणार नाही.

माझ्या एकराचं काय करणार, हे तू विचारलं नाहीस. विचारशील तेव्हा सांगण्यासारखं काही असावं, म्हणून या आठवड्यात काकाशी बोलणार आहे.

बाबा