‘वेडपट’मधला ट

प्रश्न: ‘मूर्ख’ म्हटलं की समोरचा चिडतो, पण ‘वेडपट’ म्हटलं की आजूबाजूचे हसतात. अर्थात फारसा फरक नाही. मग हा सगळा आवाजाचा खेळ आहे का? आणि नेमका टोमणा मारायचा तर शब्द कसा निवडावा?

उत्तर: आवाजाचा खेळ आहेच, पण अर्थाची साथ असेल तरच तो रंगतो.

आधी आवाजाचं बघू. य, र, ल, व हे उच्चारताना हवा फारशी अडत नाही, शब्द घरंगळत जातो. ट, ठ, ड, ढ, क, प यांना हवा आधी पूर्ण अडते आणि मग सुटते. शिरी लेव-अरी आणि रायन मॅके या संशोधकांनी 2022 साली हिंदी, हिब्रू, हंगेरियन, कोरियन आणि रशियन या भाषांतल्या शिव्या तपासल्या. य-र-ल-व गटातले आवाज त्यांत इतर शब्दांपेक्षा कमी आढळले. ही झाली शिवीची धार. हसू मात्र अनोळखी घडणीतून येतं. क्रिस वेस्टबरी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये लोकांना निरर्थक शब्द वाचायला दिले, तेव्हा नेहमीच्या शब्दांपेक्षा ज्यांची अक्षरजुळणी जास्त वेगळी, ते जास्त विनोदी वाटले. आपल्या ‘ठोंब्या’, ‘ढब्बू’, ‘येडबंबू’ यांना दोन्ही गोष्टी लागू पडतात: आवाज अडतो आणि जुळणीही रोजची नाही.

पण मराठीची खरी गंमत शेवटच्या ‘ट’मध्ये आहे. वेडा – वेडपट, खुळा – खुळचट, बुळा – बुळचट, शेळी – शेळपट, पोर – पोरकट. हाच ‘ट’ काळपट, तेलकट, धुरकट यांतही आहे, आणि तिथे तो ‘थोडीशी छटा’ दाखवतो. काळपट म्हणजे पूर्ण काळं नव्हे. म्हणजे वेडपट माणूस धड वेडाही नसतो, त्याला वेडाची नुसती झाक असते! अर्थ हलका होतो आणि आवाज कडक होतो, दोन्ही एकाच अक्षरात. ‘मूर्ख’ हा संस्कृतातून आलेला गंभीर निवाडा आहे. ‘वेडपट’मध्ये निवाडा नाही, चिमटा आहे.

नुसता ‘ट’ पुरत नाही, हेही तितकंच खरं. आंबट, तुरट, चिकट यांना कोणी हसत नाही, कारण ते रोजच्या वापरातले साधे शब्द आहेत. आणि ‘हलकट’ घडणीनं या कुटुंबातलाच, पण त्यात नीचपणाचा आरोप आहे. तो वापरलात तर भांडण होईल. टोमण्यासाठी निवडलेला शब्द मोठ्यानं म्हणून बघा आणि मग त्याचा अर्थ एका साध्या वाक्यात सांगा. ते वाक्य ऐकूनच राग येत असेल, तर आवाज तुम्हाला वाचवणार नाही.

एक उदाहरण घेऊ. सोसायटीचे अध्यक्ष कधीच निर्णय घेत नाहीत. ‘अनिर्णयी’ म्हटलं तर अहवाल वाटेल, ‘दुबळे’ म्हटलं तर कीव येईल. ‘गुळमुळीत’ अर्थानं अगदी बरोबर, पण ळ आणि म यांवरून मऊ घसरत जातो, डंख राहत नाही. ‘शेळपट’ भित्रेपणाकडे झुकतो. ‘मेंगळट’ मात्र नेमका बसतो: मऊ ‘म’नं सुरुवात, कडक ‘ट’वर शेवट, आणि आरोप फक्त निरुत्साही मंदपणाचा.

आता त्याची जागा. ‘आमचे अध्यक्ष फार मेंगळट आहेत’ यात ‘आहेत’मुळे धार बोथट होते. ‘आमचे माननीय, वंदनीय आणि मेंगळट अध्यक्ष’ असं म्हणा. आधीचे दोन्ही शब्द य-व-न यांनी गुळगुळीत, सभेतले. कान तिसऱ्या आदरार्थी शब्दाची वाट बघतो आणि ‘ट’वर आपटतो. म्हणूनच असा शब्द वाक्यात एकच हवा. ‘ठोंब्या, ढब्बू, मठ्ठ, टुकार’ अशी माळ लावली की दुसऱ्यापासून कान बधिर होतो. कोशातून खणून काढलेला, कोणालाच न कळणारा शब्दही नको. ऐकणाऱ्यानं तो कधीतरी आजी-आजोबांच्या तोंडी ऐकलेला असावा.

शेवटी यमकाची जोखीम. एप्रिल 2023 मध्ये उद्धव ठाकरे यांनी देवेंद्र फडणवीस यांना ‘फडतूस गृहमंत्री’ म्हटलं. शब्द चिकटला, कारण आडनावातलंच ‘फड’ त्यात परत ऐकू येत होतं. पण ‘फडतूस’ला हाताशी असलेलं यमक आहे, आणि फडणवीसांनी तेच उचललं: आपण फडतूस नाही, काडतूस आहोत. सुरुवातीचा ‘फ’ काढून ‘का’ बसवला की क्षुल्लकाचं स्फोटक होतं. शब्द पक्का करण्याआधी त्याची यमकं एकदा मनात जुळवून बघावीत. ‘मेंगळट’ला उलट फेकता येईल असं यमक मला तरी अजून सुचलेलं नाही.