दुखत नाही, म्हणूनच पाय बघा

दादा, पंधरा वर्षांच्या शुगरमध्ये पाय दुखत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. नस बधिर झाली की खडा टोचलेलाही कळत नाही. चालताना चप्पल निसटली आणि पत्ताच लागला नाही, तर ती धोक्याची खूण समजा.

घरीच तपासा. डोळे मिटून बसा. वहिनींना दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने अलगद, सेकंदभर स्पर्श करू द्या; दाबायचं नाही. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडून मोनोफिलामेंट तपासणी, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने पायाची संवेदना बघण्याची तपासणी, करून घ्या.

रोज रात्री तळवे आरशात बघा. भेगांना क्रीम लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. तिथे ओल राहून बुरशी धरते. पायाला कुरूप झालं असेल, तर ते ब्लेडने कापू नका. फोड दिसला तर त्याच दिवशी दाखवा.