ट्रेनिंगमध्ये शून्य एरर असलेलं मॉडेल उद्या सकाळी का चुकतं?

प्रश्न: मॉडेल फार साधं असेल तर चुकतं, हे पटतं. पण जे मॉडेल डेटाच्या प्रत्येक बिंदूतून जातं तेही का फसतं? बायस-व्हेरियन्स ट्रेड-ऑफ आपल्याकडचं एखादं उदाहरण घेऊन कोणी समजावेल का? मी ठाण्यात राहतो, मशीन लर्निंग नुकतंच शिकायला घेतलंय.

उत्तर:

ठाण्यात राहता म्हणजे घोडबंदर रोड वेगळा सांगायला नको. सकाळी कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला बसने किती मिनिटं लागतील, हे फक्त निघण्याच्या वेळेवरून सांगायचं आहे असं समजा. पुढचे आकडे मी मुद्दाम रचलेत. खरं उत्तर आधीच ठाऊक असेल तरच मॉडेल कुठे आणि किती चुकलं हे नेमकं मोजता येतं, आणि खऱ्या डेटात ती सोय नसते.

सहाला निघालात तर सरासरी ३० मिनिटं लागतात. तिथून दर तासाला १० मिनिटं वाढत नऊला ६० होतात आणि मग तशीच उतरत बाराला पुन्हा ३०. आलेख कौलारू छपरासारखा दिसेल. पण एकाच वेळेला निघूनही रोज तेवढीच मिनिटं लागत नाहीत. कधी मानपाड्याला सिग्नल बंद, कधी पातलीपाड्याला ट्रक बंद, कधी पाऊस. या रोजच्या वरखालीचं प्रमाण विचलन ८ मिनिटं धरू, म्हणजे वर्ग केला की ६४. निघण्याच्या वेळेपलीकडे काहीच माहिती नसेल तर हे ६४ कुठल्याही मॉडेलला चुकलेले नाहीत.

आपल्याकडे ३६ नोंदी आहेत. ६:०५, ६:१५ असं करत ११:५५ पर्यंत प्रत्येक वेळेची एक, आणि प्रत्येक नोंद वेगळ्या दिवसाची. मॉडेलही साधंच घेऊ: सकाळच्या सहा तासांचे सारखे खण पाडायचे, आणि निघण्याची वेळ ज्या खणात पडेल त्या खणातल्या नोंदींची सरासरी हेच उत्तर. खण किती पाडायचे एवढंच आपल्या हातात. एकच खण हे सगळ्यांत ताठर मॉडेल. ३६ खण हे सगळ्यांत लवचीक, कारण तिथे प्रत्येक नोंद आपापल्या खणात एकटी असते.

एक खण घेतला तर उत्तर कायम ४५ च्या आसपास. ८:५५ ला निघणाऱ्याला खरं तर ५९ मिनिटं लागतात, म्हणजे त्याची लोकल चुकणारच, आणि ६:०५ वाल्याला १४ मिनिटं फुकट लवकर उठवलं. हजार दिवसांच्या नोंदी आणल्या तरी उत्तर ४५ च राहील, उलट जास्त ठामपणे ४५. ही चूक नशिबाची नाही, मॉडेलच्या आकारातच ती बसलेली आहे. हाच बायस.

आता ३६ खणांकडे या. ७:२५ ची जी एक नोंद आहे, त्या दिवशी ट्रक बंद पडला होता आणि ४४ च्या जागी ६० मिनिटं लागली. मॉडेलने ते इमानदारीने पाठ केलं. आता ते सांगतं की ७:१५ ला निघालात तर साधारण ४२, ७:२५ ला ६०, आणि ७:३५ ला पुन्हा ४६. तो ट्रक त्याच दिवशी उचलला गेला, मॉडेलमध्ये मात्र तो कायमचा उभा आहे. तासातासाचे सहा खण असते तर सात ते आठच्या खणात सहा नोंदी आल्या असत्या आणि ट्रकची जादा १६ मिनिटं सहांत वाटली जाऊन उत्तर जेमतेम पावणेतीन मिनिटांनी हललं असतं. एकाच खणात तर अर्धा मिनिटही नाही.

बहुतेकांची गल्लत इथे होते, म्हणून जरा थांबतो. बायस आणि व्हेरियन्स हे तयार झालेल्या एका मॉडेलचे गुण नाहीत, ते मॉडेल बनवायच्या पद्धतीचे गुण आहेत. तुमच्या ३६ दिवसांऐवजी दुसऱ्या कुणी वेगळ्या ३६ दिवसांच्या नोंदी घेतल्या, तिसऱ्याने आणखी वेगळ्या, आणि प्रत्येकाने त्याच पद्धतीने मॉडेल बनवलं. या सगळ्या मॉडेलांच्या उत्तरांची सरासरी खऱ्या आकड्यापासून किती लांब पडते, तो बायस. ती उत्तरं एकमेकांत किती विखुरतात, तो व्हेरियन्स. नव्या दिवसावरच्या सरासरी वर्ग-चुकीत बायसचा वर्ग, व्हेरियन्स आणि ते अटळ ६४ यांची सरळ बेरीज होते. उद्याच्या ट्रकचा कालच्या नोंदींशी संबंध नसतो, म्हणून मधलं गुणाकाराचं पद उरत नाही.

आपल्या खणांसाठी ही बेरीज हातानेही करता येते. एका खणात n नोंदी असतील तर सरासरीचा व्हेरियन्स ६४/n. ज्या नोंदींवरून मॉडेल बनवलं त्यांच्यावरच तपासलं तर मिळतो ट्रेनिंग एरर, आणि त्याच ३६ वेळांना, पण नव्या दिवशी तपासलं तर टेस्ट एरर. ते असे येतात (एकक मिनिटांचा वर्ग):

| खण | बायसचा वर्ग | व्हेरियन्स | ट्रेनिंग एरर | टेस्ट एरर |
|---|---|---|---|---|
| १ | ७४.८ | १.८ | १३७.० | १४०.५ |
| ६ | ८.१ | १०.७ | ६१.४ | ८२.८ |
| १२ | १.९ | २१.३ | ४४.५ | ८७.२ |
| ३६ | ० | ६४ | ० | १२८ |

शेवटची ओळ नीट बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ३६ खणांच्या मॉडेलचा बायस शून्य आहे, तरी टेस्ट एरर १२८, म्हणजे बरोबर ६४ ची दुप्पट. एक ६४ उद्याच्या रस्त्याचे, ते सगळ्यांनाच भरावे लागतात. दुसरे ६४ नोंद घेतली त्या दिवशीच्या रस्त्याचे, जे मॉडेलने सरासरीत न जिरवता जसेच्या तसे उचलले. प्रत्येक बिंदूतून जाणं म्हणजे प्रत्येक दिवसाचा अपघातही खरा मानणं. ट्रेनिंग एरर शून्य आला तो याच कारणाने, त्यात कौतुकाचं काही नाही.

आकड्यांवर विश्वास ठेवू नका, चालवून बघा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(0)
t = 6 + (np.arange(36) + 0.5) / 6
f = 60 - 10 * np.abs(t - 9)
for m in (1, 6, 12, 36):
    Y = f + rng.normal(0, 8, (2000, 36))
    avg = Y.reshape(2000, m, -1).mean(axis=2)
    P = np.repeat(avg, 36 // m, axis=1)
    bias2 = ((P.mean(axis=0) - f) ** 2).mean()
    print(m, round(bias2, 1), round(P.var(axis=0).mean(), 1))
```

इथे `f` म्हणजे त्या वेळेची खरी सरासरी मिनिटं, `m` म्हणजे खणांची संख्या आणि २००० म्हणजे वेगवेगळे नोंदी घेणारे लोक.

खऱ्या कामात `f` माहीत नसतो. तेव्हा ट्रेनिंग आणि टेस्ट एरर शेजारी ठेवून बघायचे. दोन्ही मोठे आणि जवळजवळ सारखे (१३७ आणि १४०) असतील तर दुखणं बायसचं. ट्रेनिंग एरर नगण्य आणि टेस्ट एरर भलामोठा असेल तर व्हेरियन्सचं. हे ओळखल्याशिवाय आणखी डेटा गोळा करायला धावू नका, कारण डेटा एकाच दुखण्यावर चालतो. प्रत्येक वेळेच्या एकाऐवजी दहा नोंदी आणल्या, एकूण ३६०, तर एका खणाचा टेस्ट एरर १४०.५ वरून १३९ वर येतो, म्हणजे मेहनत पाण्यात. ३६ खणांचा मात्र १२८ वरून थेट ७०.४ वर. आता तो सहा खणांच्या ७३.२ पेक्षाही बरा ठरला, आणि बारा खण ६८ वर आले. म्हणून “किती लवचीक मॉडेल योग्य” याचं उत्तर नोंदींची संख्या सांगितल्याशिवाय देता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टमधली सेटिंग उचलून आपल्या डेटाला लावली की हमखास फसगत होते ती यामुळेच.

खणांची संख्या निवडायला क्रॉस-व्हॅलिडेशन वापरा, म्हणजे नोंदींचे गट पाडून आळीपाळीने एकेक गट टेस्टसाठी बाजूला ठेवा आणि बाकीच्यांवरून मॉडेल बनवा, पण दोन गोष्टी सांभाळून. पहिली, नोंदी जर बसच्या जीपीएसमधून आल्या असतील तर एकाच सकाळच्या ७:२४ आणि ७:२६ च्या दोन बस एकाच ट्रकमागे अडकलेल्या असतात. त्यांतली एक ट्रेनिंगमध्ये आणि दुसरी टेस्टमध्ये गेली, तर पाठांतर करणारं मॉडेल टेस्टमध्येही हुशार दिसतं आणि प्रत्यक्षात उद्या आपटतं. त्यामुळे नोंदी सुट्या न वाटता पूर्ण दिवस वाटा. Scikit-learn मध्ये त्यासाठी `GroupKFold` आहे. दुसरी, मोजलेला टेस्ट एरर स्वतःच डुलत असतो. ८३ च्या आसपासचा एरर ३६ नोंदींवर मोजला तर तो सहज वीसेकने वरखाली होऊ शकतो. म्हणून ८३ आणि ८७ यांत विजेता ठरवण्यात अर्थ नाही. अशा वेळी कमी खणांचं मॉडेल घ्यावं, असं माझं मत.

मॉडेल लवचीक करत गेलं की टेस्ट एरर आधी उतरतो आणि मग चढतो, असा यू आकाराचा आलेख पुस्तकात असतो. एक गोष्ट मात्र त्या आलेखामुळे झाकली जाते. साधं आणि लवचीक यांमधला सौदा खणांच्या पद्धतीपुरता आहे. वेळेऐवजी “नऊपासून किती लांब” हा कॉलम दिला, म्हणजे `abs(t - 9)`, आणि त्यावर सरळ रेषा बसवली, तर फक्त दोन आकडे शिकावे लागतात. बायस शून्य, व्हेरियन्स दोन छत्तिसांश गुणिले ६४, म्हणजे ३.६. टेस्ट एरर ६७.६. त्याच ३६ नोंदींत हे मॉडेल सहा खणांच्याही पुढे गेलं, आणि ३६० नोंदी घेतलेल्या बारा खणांच्या बरोबरीला आलं. मोठ्या न्यूरल नेटवर्कमध्येही नुसते पॅरामीटर मोजून व्हेरियन्सचा अंदाज बांधता येत नाही. तिथे तो आलेख कधीकधी वर जाऊन पुन्हा खाली येतो.

अर्थात नऊचा आकडा तुम्ही बाहेरून दिलाय. शाळांना सुटी लागली आणि गर्दीचा कळस साडेनऊला सरकला, तर हेच मॉडेल बायसने चुकायला लागेल, आणि एकूण एररमध्ये ते लगेच कळणारही नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वेळेतून अंदाज वजा करून ती वजाबाकी निघण्याच्या वेळेसमोर मांडा. ठिपके शून्याच्या वरखाली कसेही विखुरलेले असतील तर तो नुसता रस्त्याचा गोंधळ. नऊच्या आधीचे बहुतेक ठिपके शून्याखाली आणि साडेनऊनंतरचे वर दिसले, तर कळस सरकलाय.