तेलाच्या पातळ थरात दाब कुठून येतो

प्रश्न: स्लायडर बेअरिंगमध्ये सगळी हालचाल आडवी आहे, मग वजन उचलणारा दाब कुठून येतो? पॅड ५० मिमी लांब, वेग १० मी/से, तेलाची स्निग्धता ०.०३ Pa·s, जाडी आत शिरताना ५० मायक्रॉन, बाहेर पडताना २५. दाब आणि भार काढायचा आहे, पण रेनॉल्ड्स नंबर १४ हजारांवर जातो. मग लुब्रिकेशन अ‍ॅप्रॉक्सिमेशन चालेल का?

उत्तर: चालेल. तुम्ही रेनॉल्ड्स नंबरात पॅडची लांबी घातली आहे, तिथे गडबड होते. तेलाचा वेग बदलतो तो L एवढ्या अंतरात, पण स्निग्धता त्याला अडवते ती h एवढ्या जाडीत. म्हणून बघायचा आकडा म्हणजे (ρUh/μ)·(h/L). घनता ८७० धरली तर पहिला कंस १४.५ आणि दुसरा एक हजारांश, म्हणजे जेमतेम ०.०१४५. एवढं जडत्व खुशाल सोडून द्या.

थर इतका पातळ असल्यामुळे आणखी एक सोय होते. जाडीच्या दिशेने दाब बदलत नाही, तो फक्त x वर अवलंबून राहतो. उरतं ते एवढंच (खालचा पृष्ठभाग U ने सरकतोय, वरचा पॅड स्थिर):

```
dp/dx = μ d²u/dy²
u = U(1 - y/h) - (1/2μ)(dp/dx) y(h - y)
q = Uh/2 - (h³/12μ) dp/dx
```

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या ओळीत आहे. नुसत्या ओढीने तेल वाहिलं असतं तर प्रवाह Uh/2 असता, म्हणजे तोंडाशी शेवटापेक्षा दुप्पट तेल आत आलं असतं. पण q सगळीकडे एकच असायला हवा, तेल मधे साठणार कुठे? म्हणून मधे दाब चढतो. तो तोंडाशी येणाऱ्या तेलाला मागे रेटतो आणि शेवटाशी पुढे ढकलतो, तेव्हा हिशेब जुळतो. दोन्ही पृष्ठभाग समांतर असतील तर जुळवायला काही उरत नाही आणि दाब शून्य येतो.

आता q स्थिर आणि दोन्ही टोकांना p = 0 (बाहेरच्या हवेच्या तुलनेत) घेऊन तोंडाशी h1 पासून शेवटाशी h2 पर्यंत सरळ उतरणाऱ्या h साठी इंटिग्रेट करा:

```
q = U h1 h2/(h1 + h2)
p = [6μUL/(h1² - h2²)] (h1 - h)(h - h2)/h²
W = [6μUL²/(h1 - h2)²] [ln(h1/h2) - 2(h1 - h2)/(h1 + h2)]
```

W हा रुंदीच्या प्रत्येक मीटरमागचा भार आहे. दाब सर्वांत जास्त होतो तिथे h = 2h1h2/(h1+h2), म्हणजे ३३.३ मायक्रॉन. ती जागा मधोमध नाही, तोंडापासून दोन तृतीयांश अंतरावर आहे. तिथे p साधारण ६ MPa, म्हणजे ६० बार. W येतो १९१ kN/m. म्हणजे ५० मिमी रुंदीला साधारण ९.५ kN, जवळजवळ एक टन!

इंटिग्रेट करताना एक सांभाळा: ln 2 − 2/3 म्हणजे ०.६९३१ वजा ०.६६६७. दोन जवळच्या आकड्यांची वजाबाकी आहे, दोनच दशांश घेतलेत तर उत्तर बरंच चुकेल.

या उत्तरावर डोळे झाकून विसंबू नका. सूत्र अनंत रुंद पॅडचं आहे. ५० बाय ५० च्या चौरस पॅडमध्ये तेल बाजूंनी निसटतं आणि भार निम्म्याच्याही खाली येतो. शिवाय घर्षणाने तेल तापतं. याच आकड्यांनी घर्षण ४६४ N/m निघतं, म्हणजे ५० मिमी रुंदीत २३० वॅट. ही सगळी उष्णता सेकंदाला ८.३ मिली तेलाने नेली तर ते सुमारे १६ अंशांनी तापतं, स्निग्धता बरीच उतरते आणि W तिच्याच प्रमाणात पडतो. म्हणून μ घ्यायची ती टाकीतल्या तेलाची नाही, थरातल्या तेलाची.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत थ्रस्ट पॅडना व्हाइट मेटल भरून देण्याच्या कामात आहे. दुरुस्तीला आलेला पॅड उजेडात तिरपा धरला की तेल आत शिरण्याच्या बाजूला स्क्रेपरच्या खुणा अजून शाबूत दिसतात आणि बाहेर पडण्याच्या कडेला चकचकीत पट्टा असतो, कारण थर तिथेच सर्वांत पातळ. हे नेहमीचं आहे.

पण पट्टा पसरून व्हाइट मेटल कडेवरून ओघळलेलं असेल, तर मी आधी पिव्हट, म्हणजे पॅड ज्या टेकूवर कलतो तो, कुठल्या बाजूला आहे ते बघतो. तुमच्या आकड्यांत दाबाचा केंद्रबिंदू तोंडापासून ०.५७ L वर येतो, म्हणून एकाच दिशेने फिरणाऱ्या शाफ्टच्या पॅडचा पिव्हट मध्यापेक्षा थोडा पुढे, तेल बाहेर पडण्याच्या बाजूला असतो. असा पॅड उलटा बसला तर पिव्हट मध्याच्या अलीकडे, तोंडाच्या बाजूला जातो. दाब मात्र बंद होत जाणाऱ्या पाचरीत केंद्र नेहमी मध्यापलीकडे ठेवतो, त्यामुळे पॅडला तोल सापडतच नाही. पाचर उलटी उघडली, तर वरच्या सूत्रात p ऋण निघतो. एवढा ताण तेल सोसत नाही, त्यात पोकळ्या पडतात आणि धातू धातूला लागतो.