कुंडीच्या भोकातून गांडूळ येतंय? आधी पाणी बघा

ताई, गांडूळ जिवंत मुळं खात नाही, कुजलेला पालापाचोळा खातं. त्यामुळे औषध ओतू नका, नवीन माणसाची पहिली चूक तीच होते. ते भोकातून बाहेर का येतंय, ते बघा. बहुतेक वेळा आत पाणी तुंबून हवा संपलेली असते. सांगलीकडची नुसती काळी माती भरली असेल तर हे पावसाळ्यात हमखास होतं.

दहा इंची कुंडीत तांब्याभर पाणी ओता. पाच मिनिटांत खालून धार लागली नाही, तर भोक बुजलेलं असू शकतं. गांडुळाची विष्ठा चिकट, बारीक गोळ्यांची असते, तीच तिथं साचते. खालून काडी घालून भोक मोकळं करा, कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवा. दोन-तीन गांडुळं राहू द्या. जास्त असतील तर अंगणातल्या झाडाखाली सोडा. कुंडीत जास्त झाली की त्यांच्या विष्ठेनं भोक बुजतं.

भोकाखाली गोम दिसली तर ती मात्र शिकारी, किडे खाते. झाडाला धोका नाही, पण चावली की आग होते. कुंडी उचलताना भोकाखाली उघडी बोटं घालू नका.